घरचा ट्रॅक्टर की भाड्याचा: हिशेब तासांवरून मांडा

प्रश्न: मला वर्षाला साधारण 150 तास ट्रॅक्टर लागतो. तासाला 900 रुपये भाडं, म्हणजे वर्षाचे 1,35,000. दहा वर्षांत साडेतेरा लाख असेच जाणार. अवजारांसकट ट्रॅक्टर आठ लाखाला मिळतोय. भाडं भरण्यापेक्षा घेतलेला बरा ना?

उत्तर: आज तरी घेऊ नका. ट्रॅक्टर घरचा झाला म्हणजे भाडं वाचेल, पण डिझेल आणि दुरुस्ती तुमच्याकडे येईल. डिझेल, ऑइल आणि झीज मिळून तासाला 450 रुपये धरू. विमा आणि वर्षाची ठरलेली देखभाल 25,000, आणि दहा वर्षांनी विकल्यावर 2,40,000 येतील असं मानू. डिझेलचा आकडा मात्र अंदाजाने घेऊ नका. सध्या ज्यांचा ट्रॅक्टर लावता त्यांना टाकी काठोकाठ भरायला सांगा, तुमच्या शेतात चार तास काम होऊ द्या आणि पुन्हा काठोकाठ भरा. दुसऱ्यांदा जितके लिटर लागले त्याला चारने भागा. नांगरटीला आणि पेरणीला हा आकडा वेगळा येतो, म्हणून दोन्ही वेळा मोजा.

आता तासामागे 450 रुपये वाचतात. 150 तासांचे 67,500, त्यातून 25,000 वजा केले की वर्षाला हातात राहतात 42,500.

पण आठ लाख आज द्यायचे आहेत आणि हे 42,500 दरवर्षी थोडेथोडे येणार आहेत. म्हणून पुढच्या प्रत्येक रकमेची आजची किंमत काढावी लागते. तुमचा पैसा दुसरीकडे 10 टक्के मिळवतो, किंवा कर्जाला तेवढं व्याज पडतं, असं धरा:

```
आजची किंमत = रक्कम ÷ (1.10)^वर्ष
```

पहिल्या वर्षाचे 42,500 आज 38,636 रुपयांचे आहेत, दहाव्या वर्षाचे फक्त 16,386 रुपयांचे. दहा वर्षांची बेरीज होते सुमारे 2,61,000. विक्रीचे 2,40,000 आज 92,500 च्या मोलाचे. दोन्ही मिळून 3,53,500. आठ लाख घालून साडेतीन लाखांचा माल हाती येतो. तोटा जवळजवळ साडेचार लाखांचा. व्याज न धरता नुसती बेरीज केलीत तर हाच तोटा 1,35,000 दिसतो, आणि तेवढ्यासाठी माणूस मन घट्ट करून ट्रॅक्टर घेऊन टाकतो.

कर्ज काढलंत तर हप्त्याचं व्याज खर्चात वेगळं मिळवू नका. ते 10 टक्क्यांत आलेलंच आहे. मिळवलंत तर दोनदा मोजलं जाईल. भाडं दरवर्षी वाढतं हे खरं, पण डिझेल आणि दुरुस्तीही वाढते. सगळंच वर्षाला 5 टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर सगळ्या रकमा आजच्या भावात ठेवून 10 ऐवजी साधारण 5 टक्के दर लावायचा.

किती तासांना ट्रॅक्टर परवडतो? 10 टक्क्यांनी वर्षाला 311 तास, आणि भाववाढ धरून 5 टक्क्यांनी 243 तास. तुमचे 150 दोन्हीत कमी पडतात.

उरलेले तास बाहेरच्या कामाने भरून काढू, असा विचार मनात येईल. तिथे चालकाची मजुरी लागते. तासाला 100 रुपये धरले तर बाहेरच्या तासामागे 350 उरतात आणि 10 टक्क्यांच्या हिशेबाने 208 तास बाहेरचं काम लागतं. भाड्याचा दहावा हिस्सा उधारीत बुडाला तर 280 तास. शिवाय हे काम नेमकं तुमच्या पेरणीच्याच दिवसांत मागितलं जातं. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात आणि तुमचा वाफसा निघून गेला, तर घेण्याचं मुख्य कारणच संपलं.

वेळेवर काम होणं हे घेण्याचं खरं कारण असू शकतं, पण त्यालाही आकडा लावा. घरचे 67,500 धरूनही 311 तासांची बरोबरी साधायला वर्षाला सुमारे 73,000 कमी पडतात. मागच्या पाच हंगामांची वही काढा. ट्रॅक्टर उशिरा आल्यामुळे पेरणी किती दिवस लांबली आणि त्या तुकड्यात उत्पन्न किती घटलं, ते लिहा. पाऊस किंवा बियाणं कमी पडल्याने झालेली घट त्यात धरू नका. पाच वर्षांची सरासरी 73,000 च्या वर गेली तर मात्र ट्रॅक्टर घ्या, कर्ज काढूनही. ती वीस-पंचवीस हजारांतच राहिली, तर पेरणीच्या 30 तासांसाठी ट्रॅक्टरवाल्याला तासाला 200 रुपये जास्त आणि आधीच बयाणा देऊन तुमचा दिवस पक्का करून घ्या. जादा खर्च वर्षाला 6,000 रुपये.