निदान बरोबर आलं, आता पुन्हा वाच

तुझं पत्र दोनदा वाचलं. निदान बरोबर येऊनही केसच्या प्रश्नात मार्क जातात, म्हणजे अजून आजार पाठ करायला हवेत का, असं तू विचारलं आहेस. नकोत. पाठांतर तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुझं घोडं अडतंय ते निदान झाल्यानंतर.

तू पाठवलेला प्रश्नच घेऊ या. एकोणीस वर्षांची मुलगी, वजन ५० किलो. दोन दिवस उलट्या, पोटात दुखतंय, खूप तहान, महिनाभरात वजन उतरलंय. नाडी १२४, रक्तदाब ९४/६०, श्वास मिनिटाला ३२ आणि खोल. साखर ४८६. पीएच ७.१९, बायकार्बोनेट ७, सोडियम १३०, क्लोराइड ९५, पोटॅशियम २.९. लघवीत कीटोन भरपूर. सलाइन सुरू केलंय, लघवी होतेय. आता पुढे काय?

डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस. तू दुसऱ्या ओळीतच ओळखलंस आणि इन्शुलिनच्या पर्यायावर टिक केलीस. माझी कळकळ इथेच आहे, म्हणून थोडी रागावून लिहिते: निदान झालं की टिपण संपत नाही. निदान झालं की टिपण पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. या वेळी आजार शोधायचा नाही. तुझा हात अडवणारा आकडा शोधायचा.

इथे तो आकडा २.९ आहे. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये लघवीवाटे आणि उलटीवाटे शरीरातलं पोटॅशियम भसाभसा निघून जातं. तरीही बहुतेक रुग्णांच्या रक्तात ते सुरुवातीला नॉर्मल किंवा वाढलेलं दिसतं, कारण इन्शुलिन नसल्यामुळे आणि रक्त घट्ट झाल्यामुळे ते पेशींतून बाहेर पडून रक्तात येत असतं. म्हणजे रक्तातला आकडा खोटी श्रीमंती दाखवतो. एवढी आयती भर पडूनही ज्या मुलीचं पोटॅशियम २.९ आहे, तिची तिजोरी किती रिकामी असेल? अशात तू इन्शुलिन दिलंस की उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींत जाणार. मग हृदयाचे ठोके बिघडतात आणि स्नायू ढिले पडतात.

आता श्वासाचा ३२ हा आकडा बघ. ती घाबरलीय म्हणून इतका श्वास घेत नाहीये. कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून तिने आपला पीएच ७.१९ वर धरून ठेवलाय. बायकार्बोनेट ७ असताना कार्बन डायऑक्साइड १८-१९ च्या आसपास असायला हवा, तेवढा तो असेल तर तिची छाती काम चोख करतेय. पोटॅशियम घसरून श्वासाचे स्नायू थकले, तर हा आधारही गेला. दोन आकडे एकमेकांना असे बांधलेले असतात. पहिल्या वाचनात ते सुटे दिसतात, दुसऱ्या वाचनात गाठ दिसते.

म्हणून उत्तर असं: सलाइन चालू ठेवायचं, पहिल्या तासात साधारण पाऊण ते एक लिटर. लघवी होतेय याची खात्री आहेच, तर शिरेतून पोटॅशियम तासाला १० ते २० मिलिइक्विव्हॅलंट, मॉनिटर लावून. जुन्या मार्गदर्शक सूचना ३.३ ची रेघ धरतात, नव्या ३.५ ची, २.९ दोन्हींच्या खाली आहे, त्यामुळे वादच नाही. रेघ ओलांडली की मग इन्शुलिन, किलोला ०.१ युनिट, म्हणजे हिला तासाला ५ युनिट. बायकार्बोनेटचा पर्याय तुला भुरळ घालत होता, असं तू लिहिलंयस. पीएच ७ च्या वर असताना त्याची गरज नसते, आणि तेही पोटॅशियम आणखी खालीच ओढतं. सर्जनला बोलावण्याचा पर्यायही आत्ता बाजूला ठेव. हे पोटदुखणं बहुधा आम्लता उतरली की थांबतं. थांबलं नाही, तर मात्र पोटाकडे वळायचं.

हे मला कुणी शिकवलं नाही. निवासी डॉक्टर असताना अशाच एका रुग्णाला मी इन्शुलिन सुरू केलं आणि स्वतःवर खूश झाले, कारण निदान माझं होतं, वरिष्ठांच्या आधी. दीड तासाने त्याला मान उचलता येईना. ईसीजीत टी लाटा सपाट, मागे यू लाटा. तो वाचला, पण माझ्या हुशारीमुळे नाही. पोटॅशियमचा रिपोर्ट तेव्हा तास-दोन तासांनी यायचा. रात्र होती, वॉर्डात मी एकटी होते, आणि मधुमेहाच्या रुग्णाला इन्शुलिन द्यायला उशीर केला म्हणून आदल्याच आठवड्यात बोलणी खाल्ली होती. हे सगळं खरं आहे. पण ईसीजीचं यंत्र खाटेपासून दहा पावलांवर, चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं, हेही खरं आहे. पाच मिनिटांचं काम. मी ती चादर काढली नाही.

तेव्हापासून मी रुग्णांच्या टिपणांवरून प्रश्न काढते तेव्हा असा एक आकडा मुद्दाम मधल्या ओळीत ठेवते. विद्यार्थी म्हणतात, मॅडम फसवतात. सहकारी म्हणतात, प्रश्न लांबलचक होतो, ‘श्वासाला फळासारखा वास’ असं एक वाक्य टाक आणि मोकळी हो. मी नाही टाकत. खऱ्या टिपणात तो वास कुणी लिहिलेला नसतो, आणि हात अडवणारा आकडा कुणी अधोरेखितही केलेला नसतो. याला फसवणूक म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. कदाचित त्या चादरीची भरपाई मी तुमच्याकडून करून घेतेय, पण प्रश्न मी बदलणार नाही.

तुझा दुसरा चुकलेला प्रश्न याच मुलीचा, दहा तासांनंतरचा. साखर २१०, बायकार्बोनेट १२, अ‍ॅनायन गॅप १८. साखर आटोक्यात आली म्हणून तू इन्शुलिन बंद केलंस. अगं, पुन्हा तेच! साखर बघितलीस आणि वाचन थांबवलंस. इथे हात अडवणारा आकडा १२ आहे. आपण साखरेवर उपचार करतच नव्हतो, कीटोनवर करत होतो, आणि ते इन्शुलिनशिवाय थांबत नाहीत. साखर २०० ते २५० च्या आसपास आली की सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज घालायचं, इन्शुलिनचा वेग गरजेप्रमाणे कमी करायचा, पण ते चालू ठेवायचं. पीएच ७.३ च्या वर, बायकार्बोनेट निदान १८, रुग्ण खातोपितोय, एवढं झाल्यावर आधी त्वचेखालून दीर्घकाळ टिकणारं इन्शुलिन द्यायचं आणि एक-दोन तासांनी शिरेतल्या इन्शुलिनचा पंप बंद करायचा. आधीच बंद केलास तर पहाटेपर्यंत कीटोन परत येतात. तेव्हा साखर फारशी वाढलेली नसेल, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. रुग्णाला फक्त पुन्हा मळमळायला लागतं.

आता एक तूच सोडव, आणि उत्तराआधी कोणत्या ओळीवर थांबलीस ते लिहून पाठव. तीच मुलगी, सुरुवातीपासून तीन तास झालेत. पोटॅशियम ३.१, ते चढवणं चालू आहे. नाडी ११८, रक्तदाब ९२/५८. साखर ४३०. श्वास ३०. गेल्या दोन तासांत लघवी २० मिली. नर्स विचारतेय, पोटॅशियमची पुढची बाटली लावू ना?