सगळे लघू असलेली ती एक ओळ

प्रश्न: फिबोनाची मालिकेच्या पहिल्या काही पदांची बेरीज नेहमी पुढच्या एका पदापेक्षा बरोबर एकने कमी का येते? इंडक्शनची सिद्धता मला पाठ आहे, पण तो एक कुठून येतो ते कळत नाही.

तो एक म्हणजे जिच्यात एकही गुरू नाही अशी ओळ. कशी ते सांगते, पण त्यासाठी गणिताच्या पुस्तकातून उठून मराठीच्या व्याकरणात यावं लागेल. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

माझी आई शाळेत मराठी शिकवायची. वृत्तं शिकवताना ती मुलांकडून नुसतं लगक्रम घोकून घेत नसे, प्रस्तार करायला लावायची. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, हे सगळ्यांना माहीत असतं. आई विचारायची, की ओळीत एकूण सहा मात्रा हव्यात, तर लघू-गुरूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्या होतील? वर्गात होतं तेच घरी. स्वयंपाक होईपर्यंत मी ओट्याशेजारी पाटीवर ल आणि ग लिहीत बसायची. एक मात्रा असेल तर एकच मांडणी, दोनला दोन, तीनला तीन, चारला पाच, पाचला आठ, सहाला तेरा. असं का होतं तेही तिनेच दाखवलं. ओळीच्या शेवटी लघू असेल तर त्याच्या आधी एक मात्रा कमी असलेली कुठलीही ओळ चालते, आणि गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली कुठलीही. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. हेमचंद्राने बाराव्या शतकात हा नियम मात्रावृत्तांसाठीच स्वच्छ सांगितला आहे, आणि त्याच्याही आधी विरहांक आणि गोपाल यांच्या लेखनात तो आहे. पिसाच्या लिओनार्दोचं, म्हणजेच फिबोनाचीचं, सशांचं गणित १२०२ सालचं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सहा मात्रांच्या तेरा ओळी घ्या आणि त्यांचे गट पाडा. गट पाडताना एकच गोष्ट बघायची: ओळीतला शेवटचा गुरू कुठे आहे?

शेवटचा गुरू अगदी टोकाला असेल तर त्याच्या आधी चार मात्रा उरतात, त्या हव्या तशा भरा. गगग, ललगग, लगलग, गललग, ललललग. पाच ओळी. शेवटच्या गुरूनंतर एक लघू असेल तर आधी तीन मात्रा उरतात: लगगल, गलगल, लललगल. तीन ओळी. नंतर दोन लघू असतील तर गगलल आणि ललगलल, दोन. तीन लघू असतील तर लगललल, एक. चार लघू असतील तर गलललल, म्हणजे गुरूच्या आधी काहीच नाही, ही पण एक. पाच, तीन, दोन, एक, एक. तुमच्या मालिकेची पहिली पाच पदं उलट्या क्रमाने समोर आली, बेरीज बारा.

पण ओळी तेरा होत्या. राहिली कोण? लललललल. तिच्यात गुरूच नाही, मग शेवटचा गुरू कुठे आहे हा प्रश्नच तिला विचारता येत नाही. ती कुठल्याच गटात बसत नाही. मात्रा सहा असोत की साठ, सगळे लघू असलेली ओळ एकच असते, दोन नसतात आणि शून्यही नसतात. म्हणून फरक नेहमी एकचाच. आईच्या प्रस्तारात ही ओळ शेवटची यायची, आणि ती आली की प्रस्तार पूर्ण झाला असं समजायचं.

आणखी एक गोष्ट यातूनच दिसते. बेरीज लगेच पुढच्या पदाशी न जुळता एक पद ओलांडून पलीकडच्या पदाशी का जुळते, इथे मुलं हमखास अडखळतात. दहाव्या पदापर्यंत बेरीज करा: १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५. एकूण १४३. मुलं अकरावं पद ८९ घेतात, ८८ आणतात आणि गोंधळतात. घ्यायचं असतं बारावं, १४४. एक पद का ओलांडायचं? कारण आपण ज्याच्यावरून गट पाडले त्या गुरूने दोन मात्रा खाल्ल्या आहेत. ओळीच्या एकूण मात्रा आणि गुरूच्या आधी उरणाऱ्या मात्रा यांत निदान दोनचं अंतर राहणारच.

मोजताना दुसरी गफलत होते ती शून्य मात्रांच्या ओळीची. गुरूच्या आधी काहीच नसणं हीसुद्धा एक मांडणी आहे. ती धरली नाही तर बारा ऐवजी अकरा येतात आणि मालिकेच्या सुरुवातीला दोनदा एक का, हेही कळत नाही.

आता ते सांगते ज्यासाठी मी लिहायला बसले. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी हेच सूत्र फळ्यावर लिहिलं आणि सिद्ध करायला कोण येतंय विचारलं. मी गेले आणि वर लिहिलं तेच सगळं फळ्यावर मांडलं. सर म्हणाले, "हे मराठीच्या तासाला सांग. इथे सिद्धता लागते, आणि सहा मात्रांचं उदाहरण म्हणजे सिद्धता नव्हे." वर्ग हसला. अंतर्गत परीक्षेत हाच प्रश्न आला, मी हेच उत्तर सर्वसाधारण मात्रांसाठी लिहिलं, आणि त्यावर लाल रेघ आली. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, त्यांना हवं तसं लिहून टाकायचं होतंस." तिने असं म्हणावं हे मला सरांच्या रेघेपेक्षा जास्त लागलं. तिने शिकवलेली गोष्ट कमी दर्जाची आहे असं तिलाच वाटायला लागलं होतं.

सरांचा आक्षेप चुकीचा होता, हे मी आजही ठामपणे सांगते. वरच्या युक्तिवादात सहा या आकड्यावर काहीही अवलंबून नाही. प्रत्येक ओळीत एकतर गुरू असतो किंवा नसतो. असेल तर शेवटचा गुरू एकच असतो, म्हणून ओळ एकाच गटात जाते, दोनदा मोजली जात नाही. प्रत्येक गटातल्या ओळींची संख्या आपल्याला आधीच माहीत आहे. सिद्धतेला यापेक्षा जास्त काय लागतं? एकच संच दोन रीतींनी मोजणं ही गणितातली जुनी आणि पूर्ण मान्य रीत आहे.

उलट इंडक्शनमध्ये काय होतं ते बघा. पहिल्या पायरीला १ = २ − १ लिहिता, तिथे तो वजा एक आत शिरतो. पुढे प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना पुढचं पद मिळवता, दोन मोठी पदं एकत्र होऊन त्यापुढचं पद तयार होतं, आणि वजा एक जसाच्या तसा पुढे जातो. तो कोण आहे हे कुणी विचारतच नाही. शिवाय उत्तर आधी माहीत असल्याशिवाय इंडक्शन सुरूच करता येत नाही. तुम्हाला सिद्धता पाठ असून कारण कळलं नाही यात तुमची काही चूक नाही.

मोजण्याच्या रीतीत किती दम आहे हे बघायचं असेल तर एक पद सोडून एक अशी बेरीज करा. विषम क्रमांकाची पदं घ्या: १, २, ५. बेरीज ८, नेमकं सहावं पद, वजा एक नाही. सम क्रमांकाची घ्या: १, ३, ८. बेरीज १२, म्हणजे सातवं पद १३ वजा एक. एकीकडे वजा एक आहे, दुसरीकडे नाही. इंडक्शनने दोन्ही सिद्ध होतात, पण हा फरक का पडला ते समजत नाही. आता ओळींचे गट शेवटच्या लघूवरून पाडा. त्यानंतर गुरूच गुरू येणार, म्हणून आधी उरणाऱ्या मात्रा दोन-दोनने कमी होत जातात, आणि म्हणूनच एक पद सोडून एक पद बेरजेत येतं. ओळ पाच मात्रांची असेल तर तिच्यात निदान एक लघू असलाच पाहिजे, नुसत्या गुरूंनी पाच मात्रा भरतच नाहीत. कुठलीच ओळ बाहेर राहत नाही, आठच्या आठ गटांत बसतात. सहा मात्रांच्या ओळीत मात्र गगग शक्य आहे, तिच्यात लघू नाही, ती बाहेर राहते, आणि तेरातून एक जातो. सरांना हे मी कधी सांगू शकले नाही. आता अकरावी-बारावीच्या शिकवणीत मी प्रत्येक तुकडीला हे आधी दाखवते, इंडक्शन नंतर.

तुमच्या वर्गातही कुणी "हे उदाहरण झालं, सिद्धता नाही" म्हणालं तर त्यांना विषम-समचा हा फरक इंडक्शनने समजावून द्यायला सांगा.

आता काही गोष्टी सांगायच्या राहिल्या, त्याही महत्त्वाच्या आहेत. मालिका १, १ अशी सुरू होते असं मी धरलं आहे. काही जण १, २, ३, ५ अशी सुरू करतात, तेव्हा वजा एक नव्हे तर वजा दोन येतो: १ + २ + ३ = ६, म्हणजे ८ − २. लुकाच्या १, ३, ४, ७, ११ या मालिकेत वजा तीन येतो: १ + ३ + ४ = ८, म्हणजे ११ − ३. याचं कारण फरकांच्या रीतीने पटकन दिसतं. प्रत्येक पद हे त्यापुढच्या दोन पदांमधला फरक असतं. आपल्या मालिकेत १ = २ − १, १ = ३ − २, २ = ५ − ३, ३ = ८ − ५, ५ = १३ − ८. सगळं मिळवलं की मधलं सारं कटतं आणि १३ − १ उरतं. तो उरलेला एक म्हणजे मालिकेचं दुसरं पद. म्हणजे जिथे मागची दोन पदं मिळवून पुढचं होतं त्या कुठल्याही मालिकेत दुसरं पदच वजा होतं, आपल्याकडे ते एक आहे इतकंच. लघू-गुरूंच्या ओळी मी मांडल्या तशा फक्त १, १ ने सुरू होणाऱ्या मालिकेला लागू पडतात. लुकाच्या मालिकेला त्या सरळ चालत नाहीत, तिथे फरकांची रीत वापरा.

इंडक्शन चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. पेपरात "इंडक्शनने सिद्ध करा" असं छापलेलं असेल तर तेच लिहा, गुण घालवू नका. पण नुसतं "सिद्ध करा" असेल तर ओळी मोजून लिहिलेलं उत्तर पूर्ण गुणांचं आहे. फक्त ते n मात्रांसाठी लिहा, शून्य मात्रांची ओळ एक धरली आहे हे स्पष्ट नोंदवा, आणि प्रत्येक ओळ एकाच गटात का जाते ते वाक्य गाळू नका. तपासणाऱ्याची नजर तिथेच जाते.