निविदापूर्व शंका: कलम उद्धृत करून प्रश्न कसे लिहायचे

"नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या निविदेत पाइपबद्दल दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलंय. प्री-बिड मीटिंगआधी शंका लेखी मागवल्या आहेत. पत्र कसं लिहू?"

मी पाइपलाइनची कामं घेतो. तुमच्यासारख्याच एका निविदेत मी पहिल्यांदा लिहिलं होतं, "पाइपच्या वर्गाबाबत खुलासा व्हावा." उत्तर आलं, "निविदेप्रमाणे." संपलं. मी दरपत्रकात होतं ते धरून दर भरला, आणि काम सुरू झाल्यावर साहेबांनी तांत्रिक विभागातलं कलम दाखवून जाड पाइप मागितला. फरक माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून एकच कसोटी लावतो: या प्रश्नाला "निविदेप्रमाणे" असं उत्तर देता येईल का? येत असेल तर प्रश्न पुन्हा लिहायचा.

ते टाळायचं तर दोन्ही कलमं आहेत त्या शब्दांत, पान क्रमांकासह, समोरासमोर ठेवायची. निविदा इंग्रजीत असेल तर उतारा इंग्रजीतच ठेवा, स्वतःच्या शब्दांत सांगायला जाऊ नका. माझा नमुना असा असतो (आकडे उदाहरणादाखल):

१) खंड २, पान ४१, कलम ७.३: "३०० मि.मी. व्यासाचे डीआय पाइप आयएस ८३२९ नुसार, वर्ग के-९ चे असावेत." दरपत्रक, पान ८८, बाब १२: "३०० मि.मी. डीआय पाइप, वर्ग के-७, पुरवठा करणे व टाकणे." दोन्हींत विसंगती आहे. दर के-९ धरून भरायचा की के-७? के-९ असल्यास बाब १२ चे वर्णन व अंदाजित दर दुरुस्त करून शुद्धिपत्रक काढावे, ही विनंती.

२) खंड १, पान २३, कलम १९: "विलंबासाठी दर आठवड्यास ०.५ टक्का, कमाल १० टक्के." विशेष अटी, पान ६०, कलम ६: "विलंबाच्या प्रत्येक दिवसास रु. १०,००० दंड." कलम ६ मध्ये कमाल मर्यादा नाही. दोनपैकी कोणते कलम लागू? कलम ६ लागू असल्यास १० टक्क्यांची मर्यादा त्यालाही लागू आहे का?

पहिल्या प्रश्नात पैसा कुठे आहे ते बघा. डीआय पाइपची जाडी ठरते अशी: के × (०.५ + ०.००१ × व्यास). ३०० मि.मी.ला कंसाची किंमत ०.८ येते. म्हणजे के-९ ची जाडी ७.२ मि.मी. आणि के-७ ची ५.६. लोखंड साधारण सव्वापटीहून जास्त लागतं, आणि अशा कामात पाइपचाच खर्च मोठा असतो. पण हे गणित पत्रात लिहायचं नाही. ते तुमच्यासाठी. पत्रात "आम्हाला परवडणार नाही" असा सूर आला की कार्यालय तुमची अडचण वाचतं, स्वतःची चूक नाही.

दोन्ही प्रश्न "हे की ते" असे आहेत, हे लक्षात घ्या. "के-७ चालेल का?" असं विचारलंत तर "नाही" एवढंच उत्तर येईल आणि दरपत्रकातली बाब तशीच राहील. दुरुस्ती नेमकी कुठल्या ओळीत हवी ते तुम्हीच लिहून दिलं, तर कारकुनाचं काम कमी होतं आणि शुद्धिपत्रक निघायची शक्यता वाढते.

एका क्रमांकात एकच शंका. दोन घातल्या तर सोपीचं उत्तर येतं, अवघड गळते. कधी निविदेतच शंकांसाठी तक्ता दिलेला असतो (अनुक्रमांक, पान, कलम, मजकूर, शंका). असेल तर तोच भरा, आणि दिलेल्या तारखेच्या आत पाठवा. उत्तरं बहुधा सगळ्याच निविदाधारकांना जातात. त्यामुळे तुमच्या कामाची खास पद्धत किंवा पुरवठादार उघड होईल असं काही लिहू नका.

बैठकीत साहेब तोंडी म्हणतील, "अहो, के-७ च आहे, भरा बिनधास्त." मान डोलवा, पण तेवढ्यावर दर भरू नका. ते शुद्धिपत्रकात यायला हवं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांत यालाच 'कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन', बोलीभाषेत सीएसडी, म्हणतात. ते पोर्टलवर चढलं की उतरवून घ्या आणि सही-शिक्का मारून तांत्रिक लिफाफ्यात जोडा.

शुद्धिपत्रक आलंच नाही, तर मी जड अट लागू धरून दर भरतो, म्हणजे इथे के-९. "के-७ गृहीत धरला आहे" अशी ओळ लिफाफ्यात टाकायचा मोह होतो. टाकू नका. ती सशर्त निविदा ठरते आणि उघडल्यावर बाद होऊ शकते.