तो चौकोनी कोड म्हणजे पासवर्डच

प्रश्न: बाहेर गेलो की फोन आपोआप कुठल्यातरी उघड्या वायफायला जोडला जातो आणि यूपीआय अडकतं. हे कसं थांबवायचं? आणि पाहुण्यांना पासवर्ड न सांगता कोडने वायफाय देणं सुरक्षित आहे का?

उत्तर: वाचून माझेच जुने दिवस आठवले. फोन बहुतेक वेळा अनोळखी वायफाय पकडत नाही, आधी जोडलेलं पकडतो. एकदा एखाद्या लॉजचं किंवा स्टँडवरचं उघडं वायफाय वापरलंत की ते नाव साठवलं जातं. पुढे त्याच नावाचं उघडं वायफाय दुसऱ्या कुणी लावलं, तरी फोनला फरक कळत नाही. म्हणून Saved networks उघडून अशी नावं Forget करा. तिथे नुसतं Disconnect उपयोगाचं नाही. आयफोनवर, आयओएस 16 पासून, Wi-Fi च्या पानावर Edit दाबलं की जुनी यादी दिसते. नाव ठेवायचंच असेल, तर त्याचं Auto-connect किंवा Auto-Join बंद करा. मेनूची नावं प्रत्येक कंपनीच्या फोनवर थोडी वेगळी असतात, त्यामुळे शोधावं लागेल.

आता कोड. इथेच मी माती खाल्ली. गणपतीत घरी पाहुणे येणार म्हणून अँड्रॉइडवर Share दाबलं, पिन टाकला आणि आलेल्या क्यूआरचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो. मला वाटलं, ओटीपीसारखा काही वेळाने निकामी होत असेल. तसं काही नसतं. आत साधा मजकूर असतो:

```
WIFI:T:WPA;S:GharWifi;P:modak1234;;
```

कुणीही स्कॅन केलं की पासवर्ड उघडा. बऱ्याच फोनवर तर तो कोडखाली छापूनच येतो, म्हणजे स्कॅनही नको. पासवर्ड बदलेपर्यंत कोड चालतोच. महिनाभराने संध्याकाळी नेट रांगायला लागलं. राउटरच्या यादीत पाहिलं तर ओळखीची आठ उपकरणं आणि अनोळखी अकरा.

पासवर्ड बदलायला गेलो तर राउटरचं अ‍ॅडमिन लॉगिन केबलवाल्याच्या ऑफिसकडेच. "साहेब बाहेर गेलेत, उद्या या," असं तीन दिवस. शेवटी त्यांच्या माणसाने दोन मिनिटांत बदलला आणि वर मलाच विचारलं, "कशाला वाटता हो सगळ्यांना?" मग टीव्ही, कॅमेरा, आईचा फोन, सगळं नव्याने जोडत बसलो. असं लॉगिन घरी राउटर बसवतानाच मागून घ्यावं, हे माझं ठाम मत.

कोड वाईट नाही. समोरच्याला तुमच्या स्क्रीनवरून स्कॅन करू द्या, फोटो पाठवू नका. राउटरवर Guest network असेल तर त्याचाच कोड द्या. पाहुणे गेले की तेवढाच पासवर्ड बदलता येतो आणि घरच्या टीव्हीला हात लावावा लागत नाही.

तुमच्या यूपीआयचं कारण नक्की हेच असेल असं मी सांगू शकत नाही. पुढच्या वेळी अडकलं की वायफाय बंद करून मोबाईल डेटावर पैसे पाठवून बघा. गेले, तर दोष वायफायचा.