नवीन जॉइनी पूर्ण अंध आहे, ऑफर लेटर आणि चेकलिस्ट कशी करावी?

प्रश्न: "आमची ३५ जणांची कंपनी आहे, पुण्यात. अकाउंट्सला एक मुलगी सिलेक्ट केली, इंटरव्ह्यूनंतर तिने सांगितलं की ती पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडर वापरते. ऑफर लेटरमध्ये हे लिहायचं का? आणि ॲक्सेसिबिलिटीची चेकलिस्ट कुठून आणू?"

लेटरमध्ये लिहू नका. पद, पगार, प्रोबेशन, नोटीस पीरियड, जे बाकीच्यांना तेच तिला, एक शब्द इकडेतिकडे नाही. काही जण घाबरून "स्वतःच्या जबाबदारीवर काम करेन" असलं हमीपत्र जोडतात किंवा फक्त तिच्याच लेटरमध्ये मेडिकल फिटनेसची अट टाकतात, ते तर अजिबात नको, उद्या हेच भेदभावाचा पुरावा म्हणून समोर येईल. तिला ज्या सोयी लागणार आहेत त्यांचं वेगळं एक पान करा आणि त्यावर तुमची सही, तारीख टाका. ते पान तिच्याकडे आणि एचआरकडे, अख्ख्या टीमला सीसी नाही. मॅनेजरला आणि आयटीला काय सांगायचं ते तिलाच विचारा.

आता आमची फजिती सांगते. आधीच्या कंपनीत एका अंध मुलाला आम्ही लेटर पाठवलं, लेटरहेडवर प्रिंट काढली, शिक्का-सही केली आणि स्कॅन करून पीडीएफ मेल केली, नेहमीसारखी. त्याचा स्क्रीन रीडर म्हणे, पान रिकामं आहे. कारण स्कॅन म्हणजे नुसता फोटो, त्यात अक्षरंच नसतात. शेवटी त्याला त्याचा पगार भावाने वाचून दाखवला. तेव्हापासून मी वर्डमधूनच पीडीएफ करते, सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये "Document structure tags for accessibility" वर टिक आहे ना बघते आणि पाठवायच्या आधी पीडीएफ उघडून Ctrl+A, Ctrl+C करून नोटपॅडमध्ये पेस्ट करते. काहीच आलं नाही तर फोटो आहे. मराठीत लेटर देत असाल तर हे नक्की करा, कारण जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं स्क्रीनवर छान दिसतं पण पेस्ट केलं की भलतीच इंग्रजी अक्षरं येतात, आणि स्क्रीन रीडर तेच बडबडतो. पगाराच्या टेबलात सेल मर्ज करू नका, ऐकताना कुठला आकडा बेसिकचा आणि कुठला एचआरएचा ते कळत नाही.

चेकलिस्ट नेटवरून उचलू नका, त्यात रॅम्पची रुंदी निघेल आणि तिला रॅम्पचं कामच नाही. तिला अर्धा तास फोन करा आणि पहिला दिवस सकाळपासून चालत चालत बोला: गेटवर सही कशी करायची, लिफ्ट मजला बोलून सांगते का, हजेरीचं मशीन नुसता हिरवा दिवा दाखवतं की आवाजही करतं, आग लागली तर जिन्यापर्यंत सोबत कोण आणि तो रजेवर असला तर कोण. प्रत्येक ओळीपुढे करणाऱ्याचं नाव आणि तारीख. तारीख जॉइनिंगच्या आधीची हं.

खरी अडचण कॉम्प्युटरवर येते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, पण आयटीच्या परवानगीशिवाय इन्स्टॉल होत नाही आणि आमच्याकडे ती परवानगी नवव्या दिवशी आली, तोपर्यंत पोरगा बसून. शिवाय अकाउंट्सचं सॉफ्टवेअर रिमोट डेस्कटॉपवरून चालत असेल तर नुसतं तिच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए असून भागत नाही, पलीकडची स्क्रीन त्याला चित्रासारखीच दिसते, सर्व्हरवरचीही सोय बघावी लागते. म्हणून जॉइनिंगच्या आठवडाभर आधी तिला एक तास बोलवा (त्या तासाचे पैसे द्या), तिच्याकडून एक व्हाउचर एंट्री आणि एक रिपोर्ट करून घ्या. कुठलं बटण वाचलं जात नाही ते तेव्हाच कळतं. तुमच्या आयटीवाल्याने "चालतंय" म्हटलं ते धरू नका, तो माउसने बघतो.

आणि हो, तुम्ही ३५ जण म्हणजे दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ खाली समान संधी धोरण तुम्हाला लागतंच, २० किंवा जास्त माणसांच्या खासगी कंपनीला त्यात सोयी लिहाव्या लागतात आणि त्या बघायला लायझन ऑफिसर नेमावा लागतो. धोरणाची प्रत दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे नोंदवायची, ऑफिस पुण्यातच आहे. पेरोलवाल्याला एक आठवण करा: दिव्यांग कर्मचाऱ्याला ईएसआयची पगारमर्यादा २१,००० नाही, २५,००० आहे.

तीन आठवड्यांनी यादी परत तिच्यासोबत वाचा. आमच्या मुलाने तेव्हा एकच ओळ वाढवली होती, पाण्याच्या मशीनचे दोन्ही नळ हाताला सारखेच लागतात म्हणून. गरम पाण्याच्या नळावर मी पर्समधली एक टिकली चिकटवली, ती निघाली की तोच सांगायचा.