तांगझाँग घालूनही सिनॅमन रोल दुसऱ्या दिवशी कडक का होतात?

"३५० ग्रॅम मैद्याचे रोल करते. तांगझाँग घालूनही दुसऱ्या दिवशी कडक होतात. काय चुकतंय?"

तांगझाँग म्हणजे मैदा दुधात शिजवून केलेली खळ, ती बहुतेक कच्ची राहत असेल. मैद्यातला स्टार्च साधारण ६५ अंशांला फुगून दूध धरून ठेवतो, म्हणूनच रोल मऊ राहतात. ३५० ग्रॅममधलाच २० ग्रॅम मैदा १०० मिली थंड दुधात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळा. चमचा फिरवल्यावर तळाशी रेघ टिकली की लगेच उतरवा. खळ कोमट झाल्यावरच यीस्टच्या पिठात घाला, गरम घातली तर यीस्ट मरतं. लोणी मात्र पीठ चांगलं मळून लवचिक झाल्यावर, थोडंथोडं. पीठ हाताला चिकटेल, तरी वरून मैदा भुरभुरू नका. रोल कडक होण्याचं तेही मोठं कारण असतं.