एकच गिऱ्हाईक, तीन नोंदी: आधी जोडा, मग मोजा

प्रश्न: आमचं बेळगावात कुंद्याचं ऑनलाइन दुकान आहे. तेच गिऱ्हाईक कधी ईमेलने, कधी फोनने, कधी खातं न उघडता ऑर्डर देतं. परत येणारे किती, कसं मोजू?

मोबाइल नंबर मुख्य दुवा धरा, ईमेल दुसरा, आणि फक्त नाव जुळलं म्हणून नोंदी जोडू नका. आपल्याकडे एकच नाव मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि पाटील-देसाई तर गल्लोगल्ली आहेत. आधी नंबरातली मोकळी जागा, +91 आणि सुरुवातीचा शून्य काढून शेवटचे 10 अंक ठेवा. ईमेल सगळा लहान अक्षरांत घ्या. मग दुवे साखळीने जोडा. समजा गणपतीच्या ऑर्डरीत फक्त ईमेल आहे, दिवाळीच्या ऑर्डरीत फक्त फोन, आणि संक्रांतीच्या ऑर्डरीत तोच ईमेल व तोच फोन. नुसत्या ईमेलवर मोजलं तर दोन गिऱ्हाईकं दिसतात. संक्रांतीची नोंद पूल होते आणि तीन ऑर्डरींचं एकच गिऱ्हाईक उरतं. मूळ नोंदी पुसू नका, शेजारी गिऱ्हाईक-क्रमांकाचा नवा रकाना करा, म्हणजे चुकीची जोडणी सोडवता येते. रद्द झालेल्या आणि माल परत आलेल्या ऑर्डरी मोजणीतून वगळा.

अशा याद्या साफ करणं हेच माझं काम आहे, आणि साखळी बिघडते ती बहुतेक सामायिक नंबरावर: काउंटरवरच्या माणसाने दुकानाचाच नंबर टाकलेला असतो, किंवा खानापूरकडच्या एखाद्या गावात एकजण सगळ्यांसाठी मागवतो. म्हणून जोडल्यावर सर्वांत मोठे गट उघडून पाहा. एका नंबराखाली बरीच वेगळी नावं आणि पत्ते दिसले, तर तो नंबर दुवा म्हणून वापरू नका.